साडेचारची बस

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. ते साडेचार तासांत पळायचं ठरवून मोबाइलवर भागाकार केला, तर किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद असं उत्तर येतं. हा आकडा मनगटावर लिहून एखाद्याने प्रत्येक किलोमीटर अगदी तंतोतंत तेवढ्याच वेळात पळून काढला, तर शेवटच्या मॅटवर पाय पडताना त्याच्या घड्याळात ४ तास ३० मिनिटं ३ सेकंद झालेले असतात. भागाकारात सेकंदाचा एक बारीकसा अंश जास्त धरला होता, तो बेचाळीस वेळा साचला. एकटा पळणारा माणूस तीन सेकंदांची हळहळ करून घरी जाईल. पण त्याच्या हातात ‘४:३०’ लिहिलेला झेंडा असेल आणि त्या झेंड्यावर भरवसा ठेवून तीस-चाळीस माणसं मागे पळत असतील, तर त्या सगळ्यांचाच आकडा तीन सेकंदांनी हुकलेला असतो.

हा झेंडा घेऊन पळणारा म्हणजे पेसर. त्याच्या मागेपुढे पळणाऱ्या घोळक्याला आपल्याकडचे धावपटू ‘बस’ म्हणतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी बिब घ्यायला गेलं की ‘तू कुठल्या बसमध्ये?’ हा प्रश्न हमखास कानावर पडतो. दोन तासांची बस, सव्वादोनची बस, साडेचारची बस. पेसर बहुतेक वेळा स्वयंसेवकच असतो. त्याला प्रवेशशुल्क माफ होतं, एक वेगळ्या रंगाचा टी-शर्ट मिळतो, आणि स्वतःच्या ताकदीपेक्षा बरंच हळू पळायची जबाबदारी मिळते.

पेसर म्हटलं की टीव्हीवर दिसणारे ते वेगवान पेसर अनेकांच्या डोळ्यांपुढे येतात. १९५४ साली ऑक्सफर्डच्या ट्रॅकवर रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांच्या आत मैल पळून दाखवला, तेव्हा ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे यांनी आळीपाळीने पुढे राहून त्याला वेग लावून दिला होता. २०१९ साली व्हिएन्नात एलिउड किपचोगे दोन तासांच्या आत मॅरेथॉनचं अंतर पळाला तेव्हा त्याच्याभोवती एकूण ४१ पेसर बदलत राहिले. हे लोक एका माणसासाठी पळतात, वारा अडवतात आणि आपला वाटा झाला की बाजूला होतात. बसचा पेसर मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत पळतो, आणि ज्यांच्यासाठी पळतो त्यातल्या बहुतेकांना त्याने त्या पहाटेच पहिल्यांदा पाहिलेलं असतं. नाव एकच असलं तरी कामं पार निराळी.

आपण मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमधली साडेचारची बस घेऊ. जानेवारीतला तिसरा रविवार, भल्या पहाटेची वेळ, सीएसएमटीसमोर हजारो माणसं. या बसच्या पेसरचं काम आदल्या रात्रीच सुरू झालेलं असतं, कागदावर. त्याला साडेचारच्या अर्धा मिनिट आधी पोहोचायचं आहे, म्हणजे ४ तास २९ मिनिटं ३० सेकंद. यापेक्षा फार आधी पोहोचला तर त्याने बसला गरजेपेक्षा जास्त वेगाने पळवलं असं होईल, आणि उशिरा पोहोचला तर प्रश्नच मिटला. या वेळेला अंतराने भागलं की किलोमीटरला साधारण ६ मिनिटं २३ सेकंद येतात. इथवरचं गणित कुणालाही जमतं.

खरी अडचण मनगटावरच्या घड्याळाची. मॅरेथॉनचा मार्ग मोजताना सायकलच्या चाकाला मोजणीचं एक छोटं यंत्र लावतात आणि वळणांवर रस्त्याच्या कडेपासून अवघ्या ३० सेंटिमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने सायकल नेतात. मार्ग चुकूनही आखूड भरू नये म्हणून त्यात हजारातला एक भाग आणखी मिळवतात. पण गर्दीत पळणारा माणूस ती रेषा धरू शकत नाही. तो वळण बाहेरून घेतो, कुणाला तरी ओलांडायला आडवा जातो, पाण्यासाठी टेबलाकडे वळतो. त्यात उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संकेत इकडेतिकडे उड्या मारतो. परिणामी शेवटी घड्याळात ४२.२ नव्हे, ४२.५ किंवा ४२.७ किलोमीटर दिसतात. आपला पेसर ४२.६ धरून चालतो. मग तेवढ्याच वेळासाठी घड्याळात ६:२३ नाही, ६:२० दिसायला हवेत.

अजून पाणी राहिलं. वाटेत पंधरा वेळा पाण्याच्या टेबलांशी बस चालेल आणि दर वेळी बारा सेकंद जातील असं धरलं, तर तीन मिनिटं गेली. ती बाकीच्या पळण्यातून काढायची म्हणजे पळताना घड्याळात ६:१५ दिसले पाहिजेत. भागाकाराचं पहिलं उत्तर ६:२४ होतं, प्रत्यक्षात पळायचा आकडा ६:१५ निघाला. किलोमीटरमागे नऊ सेकंदांचं हे अंतर माहीत नसलेला पेसर पंचवीस किलोमीटरपर्यंत निवांत असतो. मग रस्त्यावरच्या किलोमीटरच्या फलकाशी आपली वेळ ताडून बघतो आणि त्याच्या लक्षात येतं की बस चार मिनिटांच्या आसपास मागे पडली आहे. म्हणून जाणता पेसर घड्याळाने आपोआप मोजलेल्या किलोमीटरवर विसंबत नाही. रस्त्यावरचा फलक आला की तो स्वतः लॅपचं बटण दाबतो आणि मनगटावरच्या पट्टीवर लिहिलेल्या वेळेशी ताडतो. १० किलोमीटरला १ तास ३ मिनिटं ५२ सेकंद, अर्ध्या अंतराला पावणेतीन मिनिटं कमी अडीच नव्हे, तर बरोबर २ तास १४ मिनिटं ४५ सेकंद, ३० किलोमीटरला ३ तास ११ मिनिटं ३६ सेकंद. चार-पाच आकडे पुरतात. पन्नास आकडे लिहिलेली पट्टी घामाने भिजलेल्या हातावर कुणी वाचत नाही.

बंदूक सुटली तरी बस सुटत नाही. पुढची गर्दी हलायला वेळ लागतो आणि पेसर सुरुवातीच्या मॅटवर पोहोचेपर्यंत तीन-चार मिनिटं गेलेली असतात. प्रत्येकाच्या बिबला चिप असते, त्यामुळे ज्याची त्याची वेळ त्याने मॅट ओलांडल्यापासून मोजली जाते. इथे एक सापळा आहे. समजा पेसरने बंदुकीनंतर चार मिनिटांनी मॅट ओलांडली, आणि तुम्ही पुढच्या रांगेत असल्याने दोन मिनिटांनीच ओलांडली. पुढे कुठेतरी बसने तुम्हाला गाठलं, तुम्ही तिच्यात सामील झालात आणि पेसरच्या खांद्याला खांदा लावून शर्यत संपवली. पेसरचे ४:२९:३० झाले, तुमचे ४:३१:३०. बस वेळेवर पोहोचली, तुम्ही उशिरा. चांगला पेसर पहिल्या किलोमीटरमध्येच ओरडून सांगतो की मी बंदुकीनंतर इतक्या मिनिटांनी निघालोय, आपापला फरक लक्षात ठेवा. नवीन कुणी सामील झाला की पुन्हा सांगतो.

पहिला किलोमीटर जवळजवळ नेहमीच बिघडतो. रस्ता तुंबलेला, कुणी सेल्फी काढतोय, कुणी बुटाची नाडी बांधायला मधेच वाकलाय. ६:१५ ऐवजी सात मिनिटं लागतात, म्हणजे ४५ सेकंद गेले. आता बसमधल्या निम्म्या माणसांच्या पायांना सुरसुरी येते. महिनाभर कमी पळून, भरपूर खाऊन, झोपून पाय ताजे असतात आणि पहाटेची हवा गार असते. गेलेले सेकंद पुढच्याच किलोमीटरमध्ये वसूल करून टाकू, असं सगळ्यांना वाटतं. पेसरची परीक्षा इथे असते. ते ४५ सेकंद तो पुढच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये वाटून टाकतो, दर किलोमीटरला चार सेकंद. बसमधल्या कुणाला कळतही नाही. त्याचा वेग बदललाय हे मागच्यांना जाणवलं, तर त्याने गाडी धक्का देऊन चालवली.

‘आधी जोरात पळून वेळ साठवून ठेवू, शेवटी उपयोगी पडेल’ हा विचार मॅरेथॉनमध्ये नवख्यांचा घात करतो, आणि का करतो हे समजून घेण्यासारखं आहे. सपाट रस्त्यावर पळताना शरीर वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च करतं. ६५ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला सुमारे २,७०० किलोकॅलरी लागतात. स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, देऊ शकतं सुमारे दोन हजार. उरलेली ऊर्जा चरबीतून यावी लागते, आणि चरबी शरीरात मुबलक असली तरी ती हळू जळते. वेग वाढला की शरीर चरबी सोडून साखरेवर जास्त अवलंबून राहतं. किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद जास्त वेगाने पळणारा माणूस म्हणूनच फक्त थोडासा जास्त दमत नाही. तो आपली मर्यादित साखर जास्त वेगाने संपवतो. तिशीच्या पुढे कुठेतरी ती तळाला जाते, आणि मग मनाने कितीही ठरवलं तरी पाय ऐकत नाहीत. धावपटू याला ‘वॉल लागली’ म्हणतात.

आकड्यांत बघू. साडेचार तासांची कुवत असलेल्या एकाने पहिला अर्धा भाग ६:०५ च्या वेगाने पळून काढला. तो अर्ध्यावर २ तास ८ मिनिटांत पोहोचला, म्हणजे जवळपास साडेसहा मिनिटांची कमाई. पुढचे अकरा किलोमीटर त्याने ६:२४ ने रेटले. शेवटच्या दहाला वॉल लागली, वेग आठ मिनिटांवर घसरला. शेवट ४ तास ३९ मिनिटं. साडेसहा मिनिटं कमावली आणि सोळा घालवली. त्याच कुवतीचा, पण साडेचारच्या बसमध्ये शांत बसून राहिलेला दुसरा माणूस त्याला पस्तीस-छत्तीसच्या आसपास ओलांडून जातो. पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये बसमधून पुढे निघून जाणाऱ्यांना पेसर म्हणूनच ‘पुढे भेटू’ म्हणतो. त्यात टोमणा नसतो, अनुभव असतो.

पाण्याच्या टेबलांपाशी बसची खरी शिस्त दिसते. तीस-चाळीस माणसं एकदम पहिल्याच टेबलावर तुटून पडली तर ग्लास सांडतात, कुणीतरी घसरतं आणि मागचे अडकतात. टेबल यायच्या शंभरेक मीटर आधी पेसर हात वर करून सांगतो, पाणी डावीकडे, पहिलं टेबल सोडा, शेवटच्याकडे जा, घोट घ्या, चालतच प्या, झेंड्याकडे बघत राहा. तो स्वतः टेबल संपल्यावर दहा-बारा सेकंद चालतो. मग लगेच मूळ वेगावर येतो, त्याहून जास्त वेगाने नाही. मागे राहिलेल्यांना झेंडा दिसतो आणि ते अर्ध्या किलोमीटरमध्ये हळूहळू जवळ येतात. न थांबता पळत राहणारे पेसरही असतात. ती पद्धतही ठीक, फक्त ती आधी सांगायला हवी. काही पेसर ठरावीक मिनिटं पळणं आणि ठरावीक सेकंद चालणं असं चक्र लावतात. त्यांच्या बसमध्ये नकळत शिरलेल्या, सलग पळायची सवय असलेल्या माणसाची फार पंचाईत होते.

आता बोलण्याचं. पेसर म्हणजे घोषणा देणारा, टाळ्या वाजवणारा, सतत हसणारा माणूस असा एक समज आहे, आणि शर्यतींच्या व्हिडिओंमुळे तो पक्का झालाय. माझं मत उलटं आहे. ज्या पेसरचा आवाज पहिल्या दहा किलोमीटरमध्ये सर्वांत मोठा असतो, त्याच्या बसमध्ये मी चढणार नाही. घोषणेने अंगात वीज संचारते आणि पायांना वेग येतो, आणि त्या टप्प्यावर नेमका वेगच नको असतो. ‘गणपती बाप्पा मोरया’ तिशीनंतर कामाला येतं, तिसऱ्या किलोमीटरला नाही. सुरुवातीला पेसरने बोलावं ते माहितीचं. तुझी पहिली मॅरेथॉन का, जेल किती आणलीत, पुढे रस्ता अरुंद आहे, उजवीकडे राहा. या गप्पांना आणखी एक उपयोग आहे. प्रश्न विचारल्यावर कोण पूर्ण वाक्यात उत्तर देतो आणि कोण दोन शब्दांतच धापा टाकतो, यावरून पेसरला समजतं की बसमध्ये कोण आपल्या कुवतीबाहेर पळतंय. दहाव्या किलोमीटरला जो बोलू शकत नाही, त्याला हळूच मागच्या बसची वाट बघायला सांगणं हीच त्याला केलेली मदत.

पंचविशीनंतर बस आपोआप गप्प होते. पायांचे आवाज आणि श्वास तेवढे ऐकू येतात. ऊन चढायला लागतं. जानेवारी असला तरी मुंबईची हवा दमट, घाम वाळत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढत जातात. या टप्प्यावर लोकांना हवा असतो हिशेब. ‘आपण पट्टीपेक्षा वीस सेकंद पुढे आहोत’ या वाक्याने जेवढा धीर येतो तेवढा दहा घोषणांनी येत नाही. पण तो आकडा खरा असावा लागतो. तिसाव्या किलोमीटरला ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणणाऱ्या पेसरवर कुणी विश्वास ठेवू नये. बारा किलोमीटर राहिलेत आणि त्या माणसाला ते माहीत आहे. त्यापेक्षा ‘पुढचं पाणी दीड किलोमीटरवर, तिथवर झेंडा सोडू नका’ हे सांगणं चांगलं, कारण ते करता येतं. थकलेल्या माणसाला एका वेळी एकच सूचना कळते. खांदे सैल सोड. पावलं छोटी टाक. समोर बघ. बस्स.

मग पेडर रोड येतो. वर्षानुवर्षं मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये हा चढ परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बरोबर वॉल लागायच्या वेळेला आला आहे. एरवी गाडीतून जाताना तो चढ वाटतही नाही. इथे ६:१५ चा हट्ट धरला तर अर्धी बस रिकामी होईल. पेसर इथे वेग सोडतो आणि दम धरतो. म्हणजे श्वास जेवढा सपाट रस्त्यावर लागत होता तेवढाच लागला पाहिजे, घड्याळात ६:४५ दिसले तरी चालतील. चढावर अर्धा मिनिट जाणार हे त्याने आदल्या रात्रीच धरलेलं असतं. पहिल्या पस्तीस किलोमीटरमध्ये तो पट्टीपेक्षा तेवढाच, तीसेक सेकंद पुढे आलेला असतो, किलोमीटरला एक सेकंदाहूनही कमी. वेळ साठवू नये असं वर म्हटलं, त्याला हा अपवाद वाटेल. पण एका सेकंदाने साखर संपत नाही, वीस सेकंदांनी संपते. सगळी कला या प्रमाणात आहे. चढ संपल्यावर उतारावर सुसाट सुटायचंही नसतं. दमलेल्या मांड्यांना उतारावरचे हिसके सर्वांत जास्त लागतात, आणि पायात गोळे तिथेच येतात.

गोळा आलेला माणूस रस्त्याच्या कडेला थांबतो, आणि पेसर थांबत नाही. पेसरच्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट हीच असावी. तीस किलोमीटर ज्याच्याशी बोलत आला त्याला सोडून जायचं. पण झेंडा एका माणसाचा नाही, वेळेचा आहे. तो थांबला तर उरलेल्या पंधरा जणांची वेळ जाते. जाताजाता तो एवढंच सांगतो, ‘ताण दे, चाल, मागून ४:४५ ची बस येईल, तिच्यात चढ.’ अपवाद एकच. कुणी विचारलेल्याला भलतंच उत्तर देत असेल, सरळ रेषेत पळता येत नसेल, उन्हात घाम यायचा थांबून अंगावर काटा आला असेल, तर घड्याळ बाजूला ठेवून जवळच्या स्वयंसेवकाला किंवा वैद्यकीय पथकाला हाक मारायची. म्हणून मोठ्या शर्यतींत एका वेळेसाठी शक्यतो दोन पेसर ठेवतात. एक थांबला तरी दुसरा झेंडा नेतो.

पेसरही माणूसच आहे, त्याचंही पोट बिघडतं, त्यालाही गोळे येतात. त्याने अशा वेळी काय करावं याबद्दल जाणकारांत दुमत नाही. झेंडा सोबत्याकडे द्यावा. सोबती नसेल तर झेंडा गुंडाळून खाली घ्यावा आणि आसपासच्यांना स्पष्ट सांगावं की मी आता वेळेवर नाही. पाच मिनिटं मागे पडलेला ४:३० चा झेंडा हवेत फडकत असेल तर तो मागून येणाऱ्या शेकडो लोकांना खोटं सांगत असतो. असं घडू नये म्हणून पेसर निवडतानाच बराच फरक ठेवतात. साडेचारच्या बसला चार तासांच्या आतबाहेर पूर्ण मॅरेथॉन पळणारा माणूस लागतो. झेंडा हातात धरून, बोलत, मागे वळून बघत, चाळीस माणसांचा हिशेब डोक्यात ठेवून पळायचं तर फुप्फुसांत आणि डोक्यात दोन्हीकडे जागा शिल्लक हवी.

सगळ्या शर्यतींना मुंबईचा हिशेब चालत नाही. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरच्या घाटाने वर जायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. तिथे अडीच तासांची बस समान वेगाने चालवायला गेलात तर सरासरी किलोमीटरला ७ मिनिटं ७ सेकंदांची येते. तो वेग चढावर बसला मारून टाकेल आणि उतारावर कंटाळा आणेल. तिथला पेसर चढणीचे साडेदहा किलोमीटर ७:४० च्या आसपास धरतो आणि उतरताना ६:३० च्या. वळणाच्या टोकाला पोहोचताना घड्याळात १ तास २० मिनिटं झालेली असतात, आणि पहिल्यांदा आलेल्याला वाटतं की बस पाच मिनिटं उशिरा आहे. ती उशिरा नाही हे पेसरने घाट सुरू व्हायच्या आधीच सांगायला हवं. घाटात सांगून उपयोग नाही, तिथे घाबरलेला माणूस आधीच पुढे निघून गेलेला असतो.

बसचं सर्वांत मोठं रूप बघायचं तर दक्षिण आफ्रिकेतल्या कॉमरेड्सकडे बघावं लागतं. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांमधली, १९२१ साली सुरू झालेली ही शर्यत नव्वद किलोमीटरच्या आसपास असते, आणि महाराष्ट्रातून दरवर्षी बरेच धावपटू तिथे जातात. वेळेची मर्यादा बारा तास. बाराव्या तासाला बंदूक वाजते, आणि ती उडवणारा माणूस शेवटच्या रेषेवर येणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो, म्हणजे समोर कोण आहे हे बघून त्याचा हात अडखळू नये. त्यानंतर एक सेकंद उशिरा आलेल्यालाही पदक नाही. या शर्यतीत शेवटच्या तासाला येणाऱ्या बसमध्ये शेकडो माणसं असतात, गाणी म्हणत, एका लयीत. बस चालवणारा तिथे कुठल्या खांबापर्यंत पळायचं आणि कुठल्या खांबापासून चालायचं हे ठरवतो. इन्चांगा, पॉली शॉर्ट्स अशा नावाजलेल्या चढांवर तर सगळी बस मुद्दाम चालतच जाते. बारा तासांत नव्वद किलोमीटर म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटं, इतका वेळ असला तर चढ चालून काढणंच शहाणपणाचं. शिवाय तिथे हिशेब बंदुकीपासूनचा, त्यामुळे मागच्या रांगेतून निघालेल्या बसचालकाला सुरुवातीला गेलेली मिनिटं भरून काढायची असतात.

मुंबईत परत येऊ. शेवटचे दोन किलोमीटर राहिले की साडेचारच्या बसचा पेसर हात झटकतो आणि सांगतो, ‘ज्यांच्या पायात आहे त्यांनी आता जा.’ बसमधले चार-पाच जण सुटतात. पेसर नाही सुटत. चार तासांत पळू शकणारा माणूस असूनही तो ६:१५ वरच राहतो, कारण त्याला गाठायला धडपडणारे दोघे-तिघे अजून पन्नास मीटर मागे आहेत आणि साडेचारची पट्टी त्यांच्यासाठीच आहे. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तो मागे वळून उलटा पळतो, झेंडा वर धरतो, हाका मारतो. रेषेच्या आधी थोडा हळू होऊन त्यांना पुढे घालवतो. अधिकृत निकालात त्याच्या नावापुढे ४:२९ आणि काही सेकंद लागतात. आरडाओरडा करायचा असेल तर तो इथे.

तुम्ही पुढच्या हंगामात एखादी बस पकडणार असाल, तर आधी स्वतःची बस ओळखा. पीटर रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने दिलेल्या सूत्राप्रमाणे अर्ध मॅरेथॉनच्या वेळेला २.०८५ ने गुणलं की पूर्ण मॅरेथॉनचा अंदाज येतो. २ तास १० मिनिटांना ४:३१ येतात, २ तास ५ मिनिटांना ४:२१. मुंबईच्या दमट हवेत साडेचारची बस पकडायला हाफ २:०५ च्या आसपास झालेली असावी, २:१० असेल तर ४:४५ बघा. आणि रांगेत उभं राहिल्यावर पेसरला तीन प्रश्न विचारा. तुम्ही पाण्याला चालता की पळत राहता? सगळे किलोमीटर सारखेच पळणार की चढावर वेळ सोडणार? तुमचं घड्याळ मॅटपासूनचं की बंदुकीपासूनचं? ज्याला या तिन्हींची उत्तरं एका दमात देता येतात त्याच्या मागे उभे राहा. देता येत नसतील, तर झेंडा कितीही मोठा असला तरी दुसरी बस बघा.